भांडवल कपात: फक्त वसूल मूल्य घटवायचं की दर्शनी किंमतही?

टी.वाय.बी.कॉम.च्या बऱ्याच मुलांचं अंतर्गत पुनर्रचनेत इथेच अडतं. समजा, १० रुपयांचे ५०,००० पूर्ण भरलेले समभाग आहेत आणि ते ४ रुपयांवर आणायचे आहेत. कपात दोन्हीकडे ३,००,००० रुपयांचीच.

दर्शनी किंमत १० च ठेवली तर नोंद छोटी: समभाग भांडवल खाते नावे ३,००,०००, भांडवल कपात खाते जमा ३,००,०००. दर्शनी किंमतही ४ केली, तर जुनं १० रुपयांचं भांडवल खातं पूर्ण ५,००,००० ने नावे करून बंद करायचं. नव्या ४ रुपयांच्या खात्याला २,००,००० आणि कपात खात्याला ३,००,००० जमा. इथे फक्त ३ लाखांची नोंद केली की जुनं खातं २ लाखांनी जिवंत राहतं. चूक लगेच ओळखू येते.

पुढचं सारखंच. साठलेला तोटा २,२०,०००, ख्याती ५०,०००, यंत्रसामग्री २०,००० निर्लेखित. उरलेले १०,००० भांडवली राखीव निधीत. ताळेबंदाची बेरीजही तीच. फरक भांडवलाच्या टिपेत: एकीकडे ‘१० रुपयांचे, ४ रुपये वसूल’, दुसरीकडे ‘४ रुपयांचे, पूर्ण भरलेले’. कलम ६६ खालचा विशेष ठराव आणि न्यायाधिकरणाची मंजुरी दोन्हीकडे चुकत नाही.

कंपनीला पुढे भागधारकांकडून उरलेले ६ रुपये मागायची वाट मोकळी ठेवायची असेल, तर पहिला पर्याय. भागधारकांना त्या जबाबदारीतून मोकळं करायचं असेल, तर दुसरा. परीक्षेत मात्र निवड तुमची नसते. गणितात ‘४ रुपयांचे’ लिहिलंय की ‘४ रुपये वसूल’, ते आधी बघा.