सॅंपल एकदम फिट बसलं म्हणून पैसे दिले, पण फाइल वेगळीच होती (एन्क्लोजर डिझाइनमधली फसवणूक)

हे जरा लांबलचक होणारे, पण जे कोणी आपल्या सर्किट बोर्डसाठी बाहेरून प्लास्टिकचा डबा म्हणजे एन्क्लोजर डिझाइन करून घेणार आहेत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण मी ज्या पद्धतीने फसलो ती पद्धत मला आधी कुणी सांगितली असती तर दहा मिनिटांत पकडता आली असती.

माझा बोर्ड साधा होता. 92 बाय 58 मिमी, जाडी नेहमीची 1.6, चार कोपऱ्यांत 3.2 मिमीची होलं, होलांच्या सेंटरमधलं अंतर 84 बाय 50. एका बाजूला यूएसबी सी पोर्ट. मला पाहिजे होता दोन भागांचा एबीएसचा डबा, खालच्या भागात चार स्टॅंडऑफ ज्यावर बोर्ड बसेल, त्याच स्टॅंडऑफमध्ये स्क्रू जाणार म्हणजे तेच स्क्रू बॉस, आणि पोर्टसाठी एक कटआउट. आधी थ्रीडी प्रिंट सॅंपल, मग मोल्ड. एक फ्रीलान्स डिझायनर मिळाला, बोलायला चांगला, आधीच्या कामांचे फोटो सुंदर. ठरलं असं की अर्धे पैसे आधी, उरलेले अर्धे सॅंपलमध्ये बोर्ड नीट बसला की. मी याच वाक्यात फसलो, पण ते नंतर सांगतो.

सुरुवातीला अंदाज घ्यायला मी त्याला बोर्डचा वरून काढलेला एक फोटो पाठवला होता. काम ठरल्यावर बोर्डची स्टेप फाइल म्हणजे अचूक मापांचं थ्रीडी मॉडेल दिलं, सगळे पार्ट लावलेलं, कनेक्टरच्या उंचीसकट. म्हणजे त्याला काहीही मोजायची गरज नव्हती. तीन आठवड्यांनी सॅंपल आलं, मॅट काळा रंग मारलेलं, हातात घेतल्यावर तयार प्रॉडक्टच वाटावं असं. बोर्ड ठेवला, चारही स्क्रू गेले, केबल आत गेली, लाइट लागला. मी त्याच संध्याकाळी उरलेले पैसे पाठवून दिले आणि त्याने फाइल पाठवली, मेलमध्ये लिहिलं होतं मोल्डसाठी रेडी आहे.

फाइल मी टूलरूमला, म्हणजे मोल्ड बनवणाऱ्यांना पाठवली. दोन दिवसांनी त्यांचा फोन, "साहेब, ही फाइल कुठून आणली? हिच्यावर मोल्ड होत नाही." मी म्हणलं, अहो सॅंपल आहे माझ्याकडे, फिट बसतंय. तर ते म्हणाले, "मग सॅंपल घेऊन या, बघूच."

त्यांच्या टेबलावर मी बोर्ड काढून परत बसवून दाखवत होतो तेवढ्यात एक बॉस उभा चिरला. स्क्रू मी जास्त आवळलाही नव्हता. टूलरूमच्या काकांनी डबा हातातून घेतला, चिरलेला बॉस उजेडात धरला आणि मला म्हणाले, "हे होल मधोमध नाहीये, बघा." आणि खरंच नव्हतं. बॉसचा बाहेरचा व्यास 6 मिमी, आतलं होल 2.5 मिमी, म्हणजे भिंत सगळीकडून 1.75 यायला पाहिजे. इथे एका बाजूला जेमतेम 1.3 आणि समोरच्या बाजूला 2.2. बाकीचे तीन बॉस बघितले, तेही तसेच, आणि चारही होलं बाहेरच्या दिशेला, कोपऱ्याकडे सरकलेली. प्रिंटर चुकला असता तर चारही होलं एकाच दिशेला सरकली असती किंवा कशीही वाकडीतिकडी गेली असती, चारही बरोबर कोपऱ्यांकडे जात नाहीत.

मग फाइल उघडून मोजलं. फाइलमध्ये बॉसच्या सेंटरमधलं अंतर 83.1 बाय 49.6 होतं. माझा बोर्ड 84 बाय 50. म्हणजे प्रत्येक होल लांबीत 0.45 आणि रुंदीत 0.2 मिमी आत. ऐकायला हे काहीच नाही वाटत, पण बोर्डचं होल 3.2 आणि स्क्रू 3 मिमीचा, तर सगळीकडून मोकळीक आहे फक्त 0.1 मिमी. अर्धा मिलिमीटर चुकलं की स्क्रू सरळ जाऊच शकत नाही. मग सॅंपलमध्ये गेले कसे? तर या डिझायनरने प्रिंट काढलं, बोर्ड बसेना, म्हणून जुनी होलं भरून घेतली, बोर्ड वर ठेवून त्याच्या होलांतून हाताने ड्रिल मारलं आणि वरून रंग मारला. बॉसच्या तोंडावर नखाने रंग खरवडला तर खाली पुट्टीची चंद्रकोरीसारखी रेघ दिसली. डिझाइन दुरुस्त केलं नाही, सॅंपल दुरुस्त केलं!

पोर्टचं तर याहून वाईट. यूएसबी सीच्या केबलचा धातूचा भाग छोटा असतो, पण त्यामागची प्लास्टिकची मूठ स्टॅंडर्डप्रमाणे 12.35 बाय 6.5 मिमीपर्यंत असू शकते. भिंत 2.5 मिमी जाड असेल आणि कनेक्टर भिंतीच्या आत थोडा मागे असेल, तर मूठ बाहेर अडते आणि धातूचा भाग पूर्ण आत जात नाही, चार्जिंग कधी होतं कधी नाही. त्यामुळे एक तर कनेक्टरचं तोंड भिंतीच्या बाहेरच्या पातळीला आणायचं किंवा कटआउट मूठ आत जाईल एवढा मोठा ठेवायचा, 13 बाय 7 च्या आसपास. फाइलमध्ये कटआउट होता 9.2 बाय 3.5, म्हणजे नुसत्या कनेक्टरच्या तोंडाएवढा, आणि कनेक्टर भिंतीच्या आतल्या बाजूपासूनही 1 मिमी मागे. म्हणजे साडेतीन मिलिमीटर मूठ बाहेरच राहणार.

आणि उंचीही चुकलेली. तळापासून हिशोब सोपा आहे, स्टॅंडऑफ 5 मिमी, त्यावर बोर्ड 1.6, त्यावर कनेक्टरची अर्धी उंची साधारण 1.6, म्हणजे कटआउटचा मध्य तळाच्या आतल्या बाजूपासून 8.2 वर यायला पाहिजे. फाइलमध्ये तो 6.6 वर. बरोबर 1.6 कमी, म्हणजे बोर्डची जाडीच धरली नव्हती. माझी स्टेप फाइल एकदा जरी त्याच्या मॉडेलमध्ये ठेवली असती तर कनेक्टरचा वरचा भाग भिंतीआड गेलेला दिसला असता. त्याने ती उघडलीच नव्हती हे मला इथे कळलं.

आता सॅंपलवरचा कटआउट नीट बघितला. खालची कड एकदम सरळ, प्रिंटरची. वरची आणि बाजूच्या कडा कानशीने वाढवलेल्या, कोपरे एकसारखे गोल नाहीत, आणि भिंतीच्या बाहेरून मोजलं तर भोक मोठं, आतून मोजलं तर थोडं लहान, कानस तिरकी धरली की होतं तसं. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त प्लास्टिक वरच्या बाजूने घासून काढलं होतं. इतकी मेहनत कानशीने करण्यापेक्षा फाइलमध्ये एक आकडा बदलायला किती वेळ लागला असता, याचं मला आजही वाईट वाटतं.

टूलरूमच्या काकांचं म्हणणं मात्र वेगळ्याच गोष्टीपासून सुरू झालं होतं. त्यांना बोर्डचं काही माहीतच नव्हतं, त्यांनी नुसती फाइल बघून नाही म्हणलं होतं. नाव स्टेपचं पण आत एसटीएलमधून रूपांतर केलेला माल. एसटीएलमध्ये सगळा आकार छोट्या त्रिकोणांचा असतो, प्रिंटला चालतं, पण ते तसंच स्टेपमध्ये बदललं की गोल होल गोल राहत नाही, बारीक चपट्या पट्ट्यांचं बनतं. हे ओळखणं एकदम सोपं आहे, कुठल्याही फ्री व्ह्यूअरमध्ये फाइल उघडा आणि बॉसच्या होलावर क्लिक करा. खरी फाइल असेल तर अख्खी गोल भिंत सिलेक्ट होते आणि व्यास दिसतो. नकली असेल तर एक उभी पट्टी सिलेक्ट होते आणि व्यास येतच नाही. शिवाय भिंतींना ड्राफ्ट शून्य. मोल्डमधून पार्ट बाहेर सुटायला उभ्या भिंतींना साधारण एक अंश तरी उतार लागतो, तो नसला की पार्ट चिकटतो, ओरखडे पडतात. आणि चारही बॉस बाहेरच्या भिंतीला थेट चिकटवलेले, तिथे प्लास्टिकचा जाड गोळा तयार होतो, तो उशिरा थंड होतो आणि बाहेरून डब्यावर खड्डा दिसतो. बॉस भिंतीपासून सुटा ठेवून पातळ रिबने जोडायचा असतो, हे प्लास्टिकवर काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

त्या डिझायनरला फोन केला. आधी म्हणाला टूलरूमला फाइल वाचता येत नाही. मी बॉसचे फोटो पाठवले, होलाच्या दोन्ही बाजूंची मापं लिहून. मग म्हणाला, "माप फोटोवरून घेतलं होतं, पण तुमचं सॅंपल तर बसलं ना? आपलं तेच ठरलं होतं." आणि लिखित खरंच तेच ठरलं होतं. सॅंपल बसलं की पैसे. फाइलमधून निघालेलं, हात न लावलेलं सॅंपल, असं कुठेच लिहिलं नव्हतं. फीचर हिस्टरी असलेली, म्हणजे डिझाइनची प्रत्येक पायरी दिसते ती मूळ फाइल मागितली तर त्याने फोन घेणं बंद केलं. तक्रार केली, पण त्याने बोर्ड बसल्याचा माझाच मेसेज पुढे केला आणि पैसे परत मिळाले नाहीत.

दुसऱ्या डिझायनरबरोबर मी क्रमच बदलला. आधी फाइल, मग ती फाइल मी स्वतः दुसऱ्याच प्रिंटवाल्याला दिली, सांगितलं रंग नको, घासू नका, फक्त सपोर्ट काढून जसं निघेल तसं द्या. आणि आल्यावर बोर्ड ठेवायच्या आधी व्हर्नियर लावला. दोन होलांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजायचं आणि त्यात एका होलाचा व्यास मिळवायचा, की सेंटरचं अंतर मिळतं. माझ्या डब्यात 81.5 आलं, अधिक 2.5, म्हणजे 84. प्रिंटमध्ये दशांश दोन दशांश इकडेतिकडे होतं, त्यापेक्षा जास्त फरक आला तर फाइल उघडून बघायची. फाइलबरोबर मी एक उभा छेद पण मागितला, बोर्डसकट, पोर्टच्या बरोबर मधून कापलेला आणि केबलची मूठ लावलेली. त्या एका चित्रात स्टॅंडऑफची उंची, बोर्डची जाडी, कनेक्टर भिंतीपासून किती मागे, सगळं दिसतं, आणि ज्याने बोर्ड मॉडेलमध्ये ठेवलेलाच नाही त्याला हे चित्र देताच येत नाही. नव्या माणसाने ते दुसऱ्या दिवशी दिलं. त्याच्या पहिल्या छेदात मूठ अर्धा मिलिमीटर अडत होती, ते त्यानेच लाल खूण करून दाखवलं आणि कटआउट वाढवून परत पाठवलं.

जुना काळा डबा मी ठेवलाय, चिरलेल्या बॉससकट. कुणाला काम देण्याआधी सॅंपलवर कानस आणि ड्रिल कसं ओळखायचं ते बघायचं असेल तर सांगा, जवळून काढलेले फोटो पाठवतो.