आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी जाहिरात : संत्रा कलमांच्या नर्सरीतला सात महिन्यांचा अनुभव

आमची वरूड तालुक्यात संत्रा कलमांची छोटी नर्सरी आहे. शेंदूरजनाघाटकडं नर्सऱ्यांची रांगच असते, त्यामुळं गिऱ्हाईक आपोआप आपल्याच दारात येईल असं काही नाही. म्हणून एप्रिलमध्ये बाबांचा एक 42 सेकंदांचा व्हिडिओ मोबाईलवर काढला आणि मे महिन्यात फेसबुकवर पैसे भरून चालवला. सबटायटल वगैरे काही डोक्यात नव्हतं. बाबा एवढं छान बोलले होते की आम्ही घरातले सगळे खुश, आणि फोन येत होते पण प्रत्येक जण हेच विचारे, "कायचं कलम आहे, कुठं आहे तुमचं?" अरे बाबा, व्हिडिओत सांगितलंय ना सगळं!

उलगडा झाला एसटी स्टँडवर. बाजूला बसलेला पोट्टा फेसबुक सरकवत होता, त्यात आमचाच व्हिडिओ आला, बाबा तोंड हलवताहेत, हात वारे करताहेत आणि आवाज शून्य. त्यानं दोन सेकंद पाहिलं आणि वर सरकवलं. फीडमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होतो तो बहुतेक वेळा मुका असतो, आवाज ज्याला पाहिजे तो उघडतो, आणि स्टँडवर, बँकेच्या लाईनीत, रात्री बायको-पोरं झोपल्यावर कोण उघडते? आमची सगळी जाहिरात बाबांच्या तोंडात होती, चित्रात काहीच नव्हतं.

मग मजकूर टाकायला लागलो. पहिल्यांदा एका फुकटच्या ॲपमधलं आपोआप सबटायटल बनवायचं बटन दाबलं. बाबा बोलतात वऱ्हाडी, ळ चा य, वीत ची ईत. "डोया एक ईत वर पाहिजे" म्हणाले तर ॲपनं लिहिलं "डोक्या एक ईद वर". हसून हसून पुरेवाट. वऱ्हाडी बोलणारा माणूस असेल तर त्या बटनावर वेळ घालवू नका, हातानं लिहा, 28 सेकंदांचा मजकूर लिहायला अर्धा घंटा लागते. (42 चे 28 सेकंद कसे झाले ते खाली येते.) भाच्याच्या लॅपटॉपवर सबटायटल एडिट नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, त्यात खाली आवाजाची लाट दिसते, कुठं बोलणं सुरू झालं कुठं थांबलं ते डोळ्यानंच कळते, तिथं कार्ड बसवायचं. कार्ड म्हणजे एका वेळी पडद्यावर दिसणारा मजकूर, आम्ही तसंच म्हणतो.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. बाबा म्हणाले होते, "डोया जमिनीले टेकलेलं कलम घेऊ नका, नाहीतर डिंक्या येते." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खुंटावर म्हणजे खालच्या मुळं असलेल्या रोपावर जिथं संत्र्याचा डोळा म्हणजे कोंब भरतात ती जागा जमिनीपासून साधारण वीतभर म्हणजे 9 इंच वर पाहिजे, खाली असली की ओल्या मातीतली बुरशी तिथं लागते आणि डिंक्या रोग येतो. मी बोलण्याच्या वेगाप्रमाणं दोन-दोन सेकंदांचे तुकडे पाडले होते, ते असे :

```
3
00:00:06,000 --> 00:00:08,000
डोळा जमिनीला टेकलेलं
कलम घेऊ

4
00:00:08,000 --> 00:00:10,500
नका, नाहीतर झाडाला
डिंक्या लागतो
```

दिसलं का काय झालं? कानानं ऐकताना "घेऊ नका" एका दमात येते. डोळ्यानं वाचताना पहिलं कार्ड पूर्ण वाक्य होते, "टेकलेलं कलम घेऊ", म्हणजे चला घेऊया! आपल्या भाषेत नकार शेपटाला असतो, आणि मुका व्हिडिओ पाहणारा शेपटापर्यंत थांबेलच याची खात्री नाही. एका भाऊनं नेमका त्या कार्डाचा स्क्रीनशॉट काढून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, वर आमच्या नर्सरीचं नाव. जूनमध्ये एक जण नर्सरीत येऊन बाबांना म्हणते, "काकाजी, ते जमिनीले टेकलेलं दाखवा न." बाबांनी माझ्याकडं जे पाहिलं ते मी सांगत नाही.

दुरुस्ती करताना कार्डाची वेळ वाढवली आणि नकार ज्याचा त्याच कार्डात ठेवला, तोही वरच्या ओळीत :

```
3
00:00:06,000 --> 00:00:09,200
असं कलम घेऊ नका
डोळा जमिनीला टेकलेला
```

बाबांच्या शब्दांचा क्रम बदलला, तर बदलू द्या. सबटायटल म्हणजे बोललेलं जसंच्या तसं उतरवणं नाही हे मला तिथं समजलं. शिवाय याच वेळी चित्रात बाबांच्या हातातल्या कलमावर मोठी लाल फुली टाकली, म्हणजे कोणी कार्डाचा फोटो काढला तरी अर्थ उलटा होत नाही. तेव्हापासून "नाही, नका, नसेल तर, शिवाय, फक्त" असे शब्द कार्डाच्या सांध्यावर पडलेत का ते मी वेगळं तपासतो. "पाणी साचत नसेल तर" यातलं "तर" पुढच्या कार्डात गेलं की तोच घोळ.

किती वेळ ठेवायचं याला माझा हिशेब सोपा आहे. कार्ड मी मोठ्यानं, सावकाश, बाबांच्या वयाचा माणूस वाचेल तसं वाचतो, ते संपल्यावरही थोडा वेळ उरला पाहिजे. पाच-सहा शब्द, दोन ओळी, तीन सेकंद असं बसते. बाबा तर तीन सेकंदात सोळा शब्द बोलतात, "आता पहा भाऊ, कलम घ्याले आले का पैले डोया पाहा, डोया जमिनीपासून एक ईत वर पाहिजे" एवढं सगळं. सबटायटलात फक्त "डोळा जमिनीपासून 9 इंच वर पाहिजे" राहिलं. वऱ्हाडी लिहावं की शाळेतलं लिहावं यावर घरात भांडण झालं. एक कार्ड "डोया" असं लिहून पाहिलं पण लोक अडखळत होते, कारण आपण वऱ्हाडी बोलतो पण वाचायची सवय आपल्याला पुस्तकी मराठीचीच. आता आवाजात वऱ्हाडी, पडद्यावर साधी मराठी. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडच्या लोकांनाही ते चालते, त्यांची हिंदी असो की मराठी, लिपी एकच, आणि कलम-संत्रा हे शब्दही तेच.

दुसरं म्हणजे सबटायटल वेगळं आणि पडद्यावरचा ठळक मजकूर वेगळा. सबटायटल बोलण्याबरोबर बदलते. गावाचं नाव, खुंट कोणता, फोन नंबर या गोष्टी बोलण्यावर सोडायच्या नाहीत. आधीचा व्हिडिओ सुरू होताना बाबा नमस्कार करत, मागं बाग, वर नर्सरीचं नाव. नमस्कार मुका झाला की त्यात काय उरलं? आता पहिल्याच क्षणाला हातातलं कलम जवळून दिसते, बोट डोळ्याच्या जागेवर, आणि मोठ्या अक्षरात "संत्र्याचं कलम घेताय? आधी हे पाहा". नमस्कार कापला, शेवटची आभाराची दोन वाक्यं कापली, 42 चे 28 झाले. बाबा चार दिवस रुसले.

फोन नंबर आम्ही सुरुवातीला अगदी खाली टाकला होता आणि तो कोणालाच दिसला नाही. कारण उभ्या रीलवर खाली अकाऊंटचं नाव, कॅप्शन आणि बटन येऊन बसते. रील जाहिरातीसाठी फेसबुकवाल्या मेटा कंपनीचाच सल्ला आहे की वरचे 14 टक्के आणि खालचे 35 टक्के मोकळे ठेवा. 1080 बाय 1920 च्या व्हिडिओत खालून जवळपास 670 पिक्सेल सोडावे लागतात, म्हणजे मजकूर तुम्हाला वाटते त्यापेक्षा बराच वर येते, छातीच्या खाली समजा. त्यामुळं शूटिंग करतानाच हातातलं कलम जरा वर धरायला सांगायचं, नाहीतर मजकूर नेमका डोळ्याच्या जागेवर बसतो, आमच्या दुसऱ्या व्हिडिओत बसलाच. नंबर शेवटी पाच सेकंद स्थिर ठेवतो आणि इंग्रजी आकड्यात लिहितो, कारण फोनच्या बटनांवर तेच असतात आणि देवनागरी १ आणि ९ लहान अक्षरात सारखेच वाटतात.

अक्षरांबद्दल थोडं. इंग्रजी व्हिडिओ पाहून मी पांढरं अक्षर, भोवती जाड काळी किनार केली. देवनागरीत ती किनार अक्षराच्या पोटात शिरते, "ष" आणि "ण" बुजून जातात. वर दोन ओळी चिकटून ठेवल्या तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला लागते. आता मुक्ता फॉन्ट ठळक, मागं काळी पट्टी, ओळींत जरा जास्त अंतर. बागेत मागं हिरवं आणि वर पांढरं आभाळ असते, पट्टीशिवाय कोणताच रंग पूर्ण व्हिडिओभर टिकत नाही. एका ॲपमध्ये "प्र" चा "प् र" होत होता, जोडाक्षरं फुटत होती. असं दिसलं की फॉन्ट बदलून पाहा, तरी फुटत असेल तर ॲप सोडा. "ट्रॅक्टर" आणि "प्रक्रिया" हे दोन शब्द लिहून आधीच तपासून घेतो.

मजकूर व्हिडिओवर कायमचा चिकटवायचा की वेगळी फाईल द्यायची? दोन्ही करून पाहिलं. फेसबुकला वेगळी फाईल देताना नावात भाषा आणि देश लागते, `santra.mr_IN.srt` असं. भाच्याच्या आधी मी जुन्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये फाईल सेव्ह केली होती तर सगळ्या अक्षरांच्या जागी ???? आले, सेव्ह करताना UTF-8 निवडायचं राहिलं होतं. पण आमच्याकडं व्हिडिओ खरा फिरतो व्हॉट्सॲपवर, तिथं वेगळी फाईल सोबत जातच नाही. म्हणून चिकटवलेलाच वापरतो. फक्त मग जाहिरात लावताना आपोआप येणारी कॅप्शन बंद केली का ते पाहा, नाहीतर आमच्यासारखं एकावर एक दोन मजकूर दिसतील. व्हॉट्सॲपवर पाठवला की व्हिडिओ दाबला जाते, बारीक अक्षरं धुसर होतात, त्यामुळं फायनल म्हणायच्या आधी मी तो स्वतःलाच पाठवून जुन्या मोबाईलवर उन्हात उघडून पाहतो.

आणि शेवटी पानठेल्यावर नेतो. आवाज बंद, एकदाच दाखवायचा, मग विचारायचं, काय विकून राहिले, कुठं, काय घेऊ नका म्हणते? तिन्ही उत्तरं आली तर पास. "नका" वाला व्हिडिओ मी असा दाखवला असता तर तिथंच सापडला असता.

फरक काय पडला? फोन किती वाढले याची वही नीट ठेवली नाही, त्यामुळं आकडा फेकत नाही. पण प्रश्न बदलले. जुलैपासून लोक थेट खुंटाचं आणि डोळ्याचं विचारायला लागले, "रंगपूरवरचं आहे का जांभेरीवरचं?", "डोळा किती वर आहे, फोटो पाठवा." बांधावर उभं राहून टेप लावून मोजणारेही आले.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मात्र यातलं काही कामाचं नाही. आमच्या गावात अशी म्हातारी माणसं आहेत ज्यांच्या शब्दावर घरची बाग लागते. त्यांच्यासाठी ती लाल फुली, वीत मोजणारा हात, आणि आवाज उघडला तर बाबांची वऱ्हाडी, एवढंच. आता आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू आहे, पुढच्या हंगामाचा व्हिडिओ बागेतच काढतोय, आणि बाबांना नमस्कार परत पाहिजे. शेवटी टाकतो म्हटलं.