rt − s² की रेषा धरून बघायचं? क्रांतिक बिंदूच्या दोन वाटांची तुलना

खानापूर, निपाणीकडची मुलं दहावीपर्यंत मराठीत गणित करून इंजिनिअरिंगला येतात आणि पहिल्याच वर्षी त्यांना r, s, t भेटतात. व्हीटीयूचं मुख्यालय बेळगावातच आहे, त्यामुळे या अक्षरांची इथे सगळ्यांनाच सवय. r म्हणजे x च्या दिशेचा दुसरा आंशिक विकलज, t म्हणजे y च्या दिशेचा, आणि s म्हणजे आधी एकाने, मग दुसऱ्याने काढलेला. प्रश्न असा की क्रांतिक बिंदू सापडल्यावर rt − s² काढावं, की बिंदूतून रेषा काढून त्या रेषेवर फल चढतंय की उतरतंय ते बघावं? ट्युशनला येणारी मुलं दुसरी वाट पटकन धरतात, कारण तिथे एकाच चलाचं गणित उरतं.

माझं मत सरळ आहे: आधी rt − s². रेषेची वाट ‘हा बिंदू लघुतमही नाही, महत्तमही नाही’ एवढंच दाखवायला चांगली. लघुतम सिद्ध करायला तिच्यावर विसंबू नये.

f = x³ + y³ − 6xy घ्या. दोन्ही पहिले आंशिक विकलज शून्य ठेवले की 3x² = 6y आणि 3y² = 6x. सोडवल्यावर (0,0) आणि (2,2) मिळतात. इथे r = 6x, t = 6y, s = −6. (2,2) ला rt − s² = 144 − 36 = 108, आणि r = 12 धन, म्हणजे स्थानिक लघुतम, किंमत −8. (0,0) ला −36, म्हणजे सॅडल: घाटातल्या खिंडीसारखा, वाटेने जाताना सगळ्यात उंच, पण डावी-उजवीकडे बघितलं तर सगळ्यात सखल. रेषेनेही हे दिसतं. y = x वर f = 2x³ − 6x², शून्याजवळ उतरतं; y = −x वर f = 6x², चढतं. दोन रेषांत निकाल लागला. पण ‘सर, रेषा कुठली घ्यायची?’ याला ठरलेलं उत्तर नाही, आणि rt − s² मध्ये तो प्रश्नच येत नाही.

(एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात: rt − s² धन असेल तर r आणि t चं चिन्ह सारखंच असतं, म्हणून कुठलंही एक पाहिलं तरी चालतं. आणि −8 ही फक्त आसपासची किंमत. x खूप ऋण घेतलं तर f त्याच्याही कितीतरी खाली जातं.)

खरी अडचण rt − s² शून्य आलं की सुरू होते. पेपरात अशा वेळी सरळ ‘सॅडल’ लिहून मोकळे होणारे बरेच. ते चूक आहे. x² + y⁴ ला मूळबिंदूत rt − s² शून्यच येतं, पण तिथे लघुतम आहे हे नुसतं बघूनच कळतं. शून्य म्हणजे कसोटीने निर्णय दिला नाही, एवढंच.

मग मुलं पुन्हा रेषांकडे वळतात आणि नेमकी तिथेच फसतात. f = y² − 4x²y + 3x⁴ बघा. मूळबिंदूत r = 0, s = 0, t = 2, म्हणजे rt − s² = 0. y = mx ठेवलं तर f = x²(m − x)(m − 3x). m धन असेल तर x हा m/3 पेक्षा लहान असेपर्यंत (ऋण x सुद्धा) हे ऋण होत नाही. m ऋण असला तरी तसंच. दोन्ही अक्षांवर 3x⁴ आणि y², तेही धन. म्हणजे मूळबिंदूतून जाणाऱ्या प्रत्येक रेषेवर लघुतम! तरीही (0.1, 0.02) ला किंमत काढा: −0.0001.

कारण असं: रेषा जितकी x-अक्षाकडे झुकते तितका तिच्यावरचा सुरक्षित पट्टा आखूड होतो. m = 0.3 ला तो 0.1 पर्यंत, m = 0.03 ला 0.01 पर्यंतच. सगळ्या रेषांना मिळून पुरेल असं एकही अंतर नाही. त्या फटीतून y = 2x² हा वक्र आत शिरतो आणि त्याच्यावर f = −x⁴.

म्हणून शून्य आल्यावर तिसरी वाट धरावी: अवयव पाडा आणि चिन्ह बघा. f = (y − x²)(y − 3x²). दोन पॅराबोलांच्या मधे एक कंस धन, दुसरा ऋण, म्हणून गुणाकार ऋण; पॅराबोलांवर शून्य, बाकी सगळीकडे धन. मूळबिंदूच्या कितीही जवळ गेलं तरी दोन्ही चिन्हं सापडतात, म्हणजे लघुतमही नाही, महत्तमही नाही. अवयव पडत नसतील तर पूर्ण वर्ग करून बघावं: इथेच (y − 2x²)² − x⁴ असं मांडलं की कुठला वक्र घ्यायचा ते समोर येतं.