भोवऱ्यापाशी केस विरळ झालेत: वाढवावेत की कापावेत?

मागे भोवऱ्यापाशी टाळू दिसायला लागली की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो केस वाढवण्याचा. कानापर्यंत केस ठेवणाऱ्याला तर ते सोपंच वाटतं, झाकायला केस हाताशीच असतात. मी रोज लोकांचे केस कापतो, आणि या एका जागेपुरता हा हिशेब बहुतेक वेळा उलटा बसतो.

कारण भोवऱ्याच्या ठेवणीतच आहे. तिथे केस एका बिंदूभोवती गोल फिरत चहूबाजूंना पडतात. ते 10-12 सेंटिमीटर झाले की स्वतःच्या वजनानं मुळापाशी चपटे होतात आणि बिंदूपासून दूर ओढले जातात, म्हणजे नेमकी झाकायची जागा उघडी पडते. मागे वळवून बसवलेले केस आरशात छान दिसतात खरे, पण आरसा समोर असतो आणि विरळपणा वर. वाऱ्याची एक झुळूक किंवा थोडा घाम आला की केसांच्या बटा होतात, आणि बटांमधली फट आधीच्या विरळपणापेक्षाही रुंद दिसते.

दुसरा पर्याय म्हणजे फक्त भोवऱ्याच्या भागाची लांबी उतरवून 4 ते 6 सेंटिमीटरवर आणायची. एवढ्या केसाला खाली ओढणारं वजन नसतं. तो मुळाशी थोडा उभा राहतो, शेजारच्या केसावर तिरका पडतो, आणि टाळूपर्यंत उजेड कमी पोहोचतो.

चाळिशीतलं एक गिऱ्हाईक सगळीकडे 12 सेंटिमीटर केस घेऊन आलं होतं. विरळ भाग तीन बोटं रुंद होता, आणि रोज जेल लावून ते तो चापून मागे बसवत होते. मी पुढची लांबी 9 ठेवली, भोवऱ्यापाशी 5 केली, मधे उतार दिला. कानावरची बाजू 3 सेंटिमीटरवर आणली, कारण बाजू फुगीर राहिली की तिच्या तुलनेत मागचा भाग आणखी रिकामा वाटतो. भोवऱ्यावर बट सरळ वर धरून कात्री उभी चालवली, म्हणजे टोकं कमीजास्त राहतात आणि एकमेकांत मिसळतात. विरळ करायची दातेरी कात्री तिथे लावू द्यायची नाही, हे कापणाऱ्याला स्पष्ट सांगा. आहेत तेच केस कमी करण्यात काय शहाणपण? ओल्या केसांत त्या गिऱ्हाइकाला काहीच फरक दिसला नाही, चेहरा पडलाच होता. वाळवल्यावर मात्र तीन बोटांची जागा बोटभर उरली. पूर्ण गेली नाही, तेही खरं.

वाळवण्याची पद्धत कापण्याइतकीच महत्त्वाची आहे. भोवरा ज्या दिशेनं फिरतो, तिच्या उलट बोटांनी केस ढकलत ड्रायरची हवा सोडायची, मग सुलट, पुन्हा उलट. केस पूर्ण कोरडे झाले की चिमूटभर मॅट क्ले तळहातावर चोळून फक्त टोकांना लावायची. तेल, जेल आणि ओलसर चमक देणारं काहीही इथे नको. त्यानं केस चिकटून बटा होतात आणि टाळू चकाकते. केसांच्या रंगाची पावडर किंवा फायबर मारलं तर काळे केस आणि उजळ टाळू यांतला फरक बुजतो, मात्र फायबरला धरायला तिथे थोडे तरी केस लागतात, आणि पावसाचा भरवसा नाही.

या पर्यायाची किंमत म्हणजे खुर्चीच्या फेऱ्या. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे पाच-सहा आठवड्यांत भोवऱ्याचे केस पुन्हा चपटे पडायला लागतात. मागे पोनी बांधायची हौस असेल तर ती सोडावी लागते.

लांब ठेवणं कुणाला जमतं? ज्यांचे केस नागमोडी किंवा कुरळे आहेत त्यांना. वळण स्वतःच केस उचलून धरतं, म्हणून तिथे 7-8 सेंटिमीटर ठेवायला हरकत नाही. फार कापलं तर वळणच निघून जातं. सरळ, बारीक केस असतील तर मात्र मी कापायच्याच बाजूचा.

आणि तिसरी वाट, सगळीकडे मशीन नंबर 3, म्हणजे साधारण 10 मिलिमीटर. हिच्यात झाकलं काहीच जात नाही, फक्त दाट आणि विरळ भागातला फरक कमी भासतो. ती कधी घ्यायची हे ओळखायला केस धुऊन पूर्ण वाळवा, काही न लावता ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि कुणाला तरी वरून फोटो काढायला सांगा. मग बोटांनी भोवऱ्याचे केस उचला. हाताला केस लागले आणि सोडल्यावर थोडे उभे राहिले, तर 5 सेंटिमीटरचा कट काम करेल. हाती नुसती लव आली, तर ती लांबी तिथे टिकणार नाही, मग मशीनचीच वाट धरा.