मॅनेजरला टक्क्याने मोजावं की रुपयाने?

आमच्या कंपनीचे दोन विभाग. शिरोलीला फाउंड्री आणि गोकुळ शिरगावला मशीन शॉप. दोन्हीकडे स्वतंत्र मॅनेजर आणि वर्षाअखेरचा बोनस विभागाच्या कामगिरीवर. ती कामगिरी भांडवलावरच्या परताव्याने (आरओआय) मोजायची की अवशिष्ट उत्पन्नाने (आरआय), हा घोळ मी हिशेबनीस म्हणून सहा-सात वर्षं बघितलाय. सूत्रं तुम्हाला माहीतच असतील. पहिल्यात नफा भागिले भांडवल. दुसऱ्यात नफ्यातून भांडवलाचं भाडं वजा करून जे उरेल ते.

आरओआयची सोय मला मान्य आहे. टक्का मालकाला एका दमात कळतो, बँकेला कळतो, आणि लहान-मोठे विभाग शेजारी ठेवून बघता येतात. डोकं फिरवलं ते एका टेम्पोने.

आमच्या मशीन शॉपमध्ये एका जातीच्या हाउसिंगचं बोअरिंग आम्ही बाहेर जॉबवर्कला द्यायचो. रोज सकाळी कास्टिंग भरून टेम्पो जायचा, संध्याकाळी परत यायचा. आठवड्यात एकदा तरी पाच-दहा नग रिजेक्ट. मग चूक त्यांच्या सेटिंगची की आमच्या कास्टिंगमधल्या ब्लोहोलची, यावर गेटवरच वाद. बोअरिंग करणारं दोन कोटींचं एचएमसी मशीन घेतलं असतं तर हे सगळं आत आलं असतं. मशीन चालवायचा खर्च आणि घसारा धरूनही वर्षाला सरासरी 36 लाख वाचत होते. म्हणजे 18 टक्के. आमचं भांडवल पडतं 13 टक्क्यांना. मॅनेजरसाहेबांना म्हटलं, प्रस्ताव पाठवूया. ते चहा ढवळत म्हणाले, "अहो, मशीन घेतलं की टक्का पडतोय, आणि टक्का पडला की माझा बोनस पडतोय. टेम्पो चालू दे."

माणूस खोटं बोलत नव्हता. मशीन शॉपचं भांडवल 10 कोटी, नफा 2 कोटी 40 लाख, म्हणजे 24 टक्के. मशीन आल्यावर 12 कोटींवर 2 कोटी 76 लाख, म्हणजे 23 टक्के. कंपनीचा फायदा, विभागाची घसरण. जॉबवर्कचं बिल नफ्यातून जातं, पण भागाकाराच्या खालच्या आकड्यात येत नाही. म्हणून टेम्पो त्यांना स्वस्त वाटायचा. हाच हिशेब आरआयने करा. भाडं 13 टक्क्यांनी. आधी 2.40 वजा 1.30, म्हणजे 1 कोटी 10 लाख. नंतर 2.76 वजा 1.56, म्हणजे 1 कोटी 20 लाख. साहेबांनी स्वतःहून प्रस्ताव आणला असता.

उलटंही होतं. 18 टक्के कमावणारी एक कोटीची मशिनं विकून टाकली, तर आरओआय 24 वरून 24.7 वर चढतो आणि आरआय पाच लाखांनी उतरतो. काहीच न करता बसलात तरी घसाऱ्याने पुस्तकी किंमत खाली येते आणि टक्का आपोआप सुधारतो. जुन्या लेथवर चांगला दिसणारा टक्का कुठे दिसला, तर मी आधी मशीनचं वय विचारतो.

आता आरआयचंही सांगितलं पाहिजे. फाउंड्रीत 60 कोटी अडकलेत आणि परतावा जेमतेम 15 टक्के. तरी त्यांचा आरआय 1 कोटी 20 लाख येतो, म्हणजे 24 टक्के कमावणाऱ्या मशीन शॉपपेक्षा जास्त. रकमेने दोघांना एका ओळीत उभं केलं तर मोठाच जिंकणार. त्यामुळे ज्याची त्याची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करावी, असं मला वाटतं.

दुसरी खोट जास्त खुपते. ते 36 लाख म्हणजे सरासरी. पहिल्या वर्षी फिक्स्चर बसवणं, प्रोग्राम पक्के करणं, कस्टमरची मंजुरी, यात महिने जातात. तेव्हा 22 लाखच सुटले, तर दोन कोटींचं 26 लाख भाडं कापून उणे चार. ज्याची दोन वर्षांत बदली होणार, तो मॅनेजर आरआयवरही नाहीच म्हणेल. म्हणून नव्या मशीनचं भाडं पहिल्या वर्षी थोडं सवलतीने लावायचं किंवा बोनस तीन वर्षांच्या बेरजेवर द्यायचा, असा काही तोडगा काढावा लागतो.

आणि 13 टक्के ठरवणार कोण? फाउंड्रीवाले म्हणतात 11, अकाउंट्सवाले म्हणतात 14. या आकड्यावर दर एप्रिलला एक दुपार जाते. माझं मत विचाराल तर ती दुपार जाऊ द्यावी. टेम्पोपायी गेटवर वर्षभर जाणारा वेळ मी बघितलाय. टक्काही सोडू नका, तो मालकाच्या कागदावर राहू दे. फक्त बोनस त्याला बांधू नका.