मेटफॉर्मिन काही महिने घेतल्यावर: गोळी जेवणाच्या साखरेवर नाही, लिव्हरच्या साखरेवर काम करते

टाइप २ मधुमेहाचं निदान झाल्यावर मला मिळालेलं पहिलं आणि अजून तरी एकमेव औषध म्हणजे मेटफॉर्मिन. आता बरेच महिने झालेत. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ७.९ वरून ६.८ वर आलं आहे, त्यामुळे माझ्यापुरतं उत्तर ‘हो, उपयोग होतो’ असं आहे. पण हा उपयोग दिवसाच्या कुठल्या वेळी होतो आणि कुठल्या वेळी जवळजवळ होत नाही, हे आधी कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हा अनुभव.

मला छळायची ती सकाळची साखर. रात्री झोपताना १४१, पहाटे तीनला गजर लावून उठून पाहिली तर १४६, आणि सकाळी उपाशीपोटी १६८. मधल्या वेळात पाण्याशिवाय काही पोटात नाही. घरच्यांचा पहिला संशय अर्थातच ‘रात्री गुपचूप काही खाल्लंस का?’ हाच. खाल्लं नव्हतं. साखर आली होती आतूनच, लिव्हरमधून.

यात बिघाड असा काही नाही, ते लिव्हरचं रोजचं काम आहे. आपण झोपलो तरी मेंदू ताशी साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज वापरतो, आणि साखर १०० असताना सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं तेही ५ ग्रॅमच्याच आसपास. म्हणजे लिव्हरने पुरवठा थांबवला तर रात्र निघणार नाही. निरोगी माणसात लिव्हर रात्री वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण २ मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं. ७० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर मिनिटाला १४० मिलिग्रॅम, तासाला ८.४ ग्रॅम, आणि आठ तासांच्या झोपेत सुमारे ६७ ग्रॅम. न खाता!

आता माझ्या १४१ ते १६८ या चढाकडे पाहा. त्यासाठी शरीरात थोड्याच ग्रॅमची भर पडावी लागते. ६७ ग्रॅमच्या उलाढालीत आवक जावकीपेक्षा जरा जास्त झाली की मीटरवर हा आकडा दिसतो. इन्सुलिन नीट ऐकू येत असेल तर लिव्हर हात आखडता घेतं. टाइप २ मध्ये त्याला ते कमी ऐकू येतं, आणि त्यातच पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वाढून साखर सोडण्याचा आग्रह धरतात. म्हणून तीनपर्यंत साखर जवळपास स्थिर आणि नंतर चढ.

लिव्हर ही साखर दोन वाटांनी आणतं. एक, साठवलेलं ग्लायकोजेन तोडून. दुसरी, नवं ग्लुकोज बनवून. त्यासाठी कच्चा माल म्हणजे स्नायू आणि रक्तपेशींकडून आलेलं लॅक्टेट, चरबीतलं ग्लिसरॉल आणि काही अमिनो आम्लं. मधुमेहात फुगलेली असते ती मुख्यतः ही दुसरी वाट, आणि मेटफॉर्मिनचा रोख तिच्यावरच आहे. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेही लोकांच्या लिव्हरमधून नवं ग्लुकोज बनण्याचा वेग निरोगी लोकांच्या सुमारे तिप्पट आढळला होता. मेटफॉर्मिननंतर तो साधारण एकतृतीयांशाने उतरला आणि लिव्हरमधून एकूण बाहेर पडणारं ग्लुकोज जवळपास एकचतुर्थांशाने.

हे होतं कसं? गोळी आतड्यातून शोषली गेली की पोर्टल शिरेने थेट लिव्हरमध्ये पोहोचते, त्यामुळे बाकी शरीरापेक्षा लिव्हरला तिचा वाटा मोठा मिळतो. लिव्हरच्या पेशींवर ओसीटी१ नावाचं एक वाहक प्रथिन असतं, ते तिला आत घेतं. आत गेल्यावर ती मायटोकॉन्ड्रियाच्या ऊर्जा बनवण्याच्या साखळीला, विशेषतः तिच्या पहिल्या टप्प्याला, हलकासा ब्रेक लावते. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, आणि लॅक्टेटपासून ग्लुकोजचा एक रेणू बनवायला सहा एटीपींइतकी ऊर्जा लागते, म्हणजे पेशीसाठी हे महागडं काम. ऊर्जा थोडी कमी पडली की पेशीत एएमपी वाढतं. एएमपी ही पेशीची ‘हात आखडा’ म्हणणारी सूचना. ते ग्लुकोज बनवण्याच्या मार्गावरचं एक महत्त्वाचं एन्झाइम, फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज, थेट दाबतं. शिवाय ‘साखर सोड’ हा ग्लुकॅगॉन या हार्मोनचा निरोपही पेशीच्या आत क्षीण होतो.

पूर्वी सगळं श्रेय एएमपीके नावाच्या एन्झाइमला दिलं जायचं. मग ज्या उंदरांच्या लिव्हरमध्ये ते नव्हतंच, त्यांच्यातही मेटफॉर्मिनने साखर उतरवली, आणि चित्र गुंतागुंतीचं झालं. ग्लिसरॉल आणि लॅक्टेट वापरायला अडवणारा आणखी एक मार्ग २०१४ मध्ये मांडला गेला. आतड्यातल्या परिणामाचाही वाटा असतो. संशोधकांत यातल्या कशाचं वजन किती यावर वाद आहे, लिव्हरचं ग्लुकोज कमी होतं यावर फारसा नाही.

आता माझे आकडे. डोस स्थिरावल्यावर तीच चाचणी पुन्हा केली: झोपताना १३२, तीनला १२१, सकाळी १२४. पहाटेचा चढ जवळपास सपाट. नाश्त्याचं मात्र गंमतशीर आहे. गोळीआधी उपाशीपोटी १६८ आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी २१८, म्हणजे ५० ची उडी. आता १२४ आणि १७१, म्हणजे ४७ ची. नाश्ता तोच. उडी जवळपास तेवढीच राहिली, फक्त ती खालच्या पायरीवरून मारली जाते. ‘जेवणानंतरची साखर उतरली’ असं वाटतं ते यामुळे. जेवणाची साखर सोसायची ताकद वाढली, असा याचा अर्थ नाही. ती उडी लहान करायला मला ताटातलं प्रमाण आणि जेवणानंतरचं चालणंच उपयोगी पडलं. ज्यांची उपाशीपोटीची साखर आधीच बरी आहे आणि फक्त जेवणानंतरचीच उसळते, त्यांना या गोळीकडून माझ्याइतका फरक दिसणार नाही, असा माझा अंदाज.

याच कारणाने ही गोळी ‘खाल्ली की साखर उतरली’ अशी चालत नाही. गोळी घेऊन दोन तासांनी मीटर टोचून बघणं व्यर्थ आहे. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि पूर्ण उमटायला काही आठवडे जातात. एकटं मेटफॉर्मिन घेताना साखर धोकादायक खाली जाण्याची भीतीही कमी असते, कारण ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावत नाही आणि लिव्हरचा नळ पूर्ण बंदही करत नाही. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर हे लागू नाही.

पोटाचा त्रास खरा आहे. ५०० मिलिग्रॅमने सुरुवात, जेवणाबरोबर, मग एक-दोन आठवड्यांनी वाढवत नेणं हीच पद्धत आहे आणि तिला कारण आहे. मला १००० च्या टप्प्यावर मळमळ, पातळ शौच आणि तोंडात धातूसारखी चव असं सगळं झालं. डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी, म्हणजे एक्सटेंडेड रिलीज गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर दिली आणि प्रकरण निवळलं. तिचं मऊ टरफल कधीकधी शौचातून तसंच बाहेर पडतं. औषध आत गेलेलं असतं, घाबरू नका. ती गोळी चावायची किंवा तोडायची मात्र नाही.

‘ही तर वनस्पतीची गोळी, मग निर्धोक’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लिहायलाच हवं. गोट्स रू, शास्त्रीय नाव गॅलेगा ऑफिसिनॅलिस, हे युरोपात जुन्या काळापासून औषधी म्हणून वापरलं गेलेलं झुडूप. त्यात गॅलेजिन हे ग्वानिडिन कुळातलं द्रव्य असतं. १९१८ मध्ये ग्वानिडिन प्राण्यांची साखर उतरवतं हे दिसलं, मग गॅलेजिन माणसांवरही वापरून पाहिलं गेलं, पण ते विषारी ठरलं. हे झुडूप खाऊन मेंढ्या मरतात, तेही यामुळेच. मेटफॉर्मिन त्याच कुळातलं असलं तरी प्रयोगशाळेत बनलेलं: १९२२ मध्ये डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी ते पहिल्यांदा तयार केलं, आणि मधुमेहावर माणसांतला त्याचा उपयोग पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. आजच्या गोळीत झुडपाचं काहीही नसतं. या झुडपाची पूड किंवा चहा मेटफॉर्मिनच्या जागी घेणं म्हणजे मुद्दाम सोडून दिलेल्या विषाकडे परत जाणं.

धोका कुठे आहे हे लिव्हरच्या गोष्टीतूनच कळतं. लिव्हर लॅक्टेट वापरून ग्लुकोज बनवतं. ते काम मंदावलं की लॅक्टेट थोडं मागे राहतं. एरवी हे नगण्य असतं. पण मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं किडनीतून बाहेर पडतं. किडनी थकली की औषध साचतं, लॅक्टेट चढत जातं आणि रक्त आम्लधर्मी होतं. हा लॅक्टिक ॲसिडोसिस दुर्मिळ, पण जीवघेणा. याच कुळातलं फेनफॉर्मिन त्यापायीच १९७० च्या दशकात बहुतेक ठिकाणी बाजारातून गेलं. म्हणून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती चांगलं गाळते ते दाखवणारा आकडा, ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत, आणि ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर डोस कमी करण्याचा विचार होतो. जोरदार उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर किडनीवर तात्पुरता ताण येतो, अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळी थांबवायची असते. मला पोट बिघडलं तेव्हा हेच सांगितलं गेलं. तीन दिवस गोळी बंद होती आणि सकाळचा आकडा पुन्हा १५० च्या घरात गेला. काही ठरावीक कॉन्ट्रास्ट स्कॅनच्या आधीही विचारून घ्या. भरपूर दारू पिणाऱ्यांना हे औषध जपून देतात, कारण दारूही लिव्हरमध्ये लॅक्टेटचा निचरा अडवते.

बी-१२ ची गोष्ट सावकाश घडते. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून या जीवनसत्त्वाचं शोषण कमी होतं आणि काही वर्षांत पातळी उतरू शकते. पायाला मुंग्या आल्या की आपण मधुमेहाच्या नसांना दोष देतो, पण कारण बी-१२ असू शकतं, आणि ते भरून काढता येतं. माझी पातळी सध्या ठीक आहे, वर्षातून एकदा किडनीच्या चाचणीबरोबर ती बघायचं ठरलंय. डोस १५०० वर आहे. उपाशीपोटीचा आकडा १२० च्या आसपास टिकला तर डॉक्टर तो वाढवणार नाहीत. नाश्त्यानंतरच्या उडीसाठी वेगळं औषध लागेल का, ते पुढच्या एचबीए१सीवर ठरेल.