अडलेली तडजोड: ब्रॅकेट लावावं की मध्यस्थाने आकडा द्यावा?

पैशाचा वाद मध्यस्थीत अडतो तो बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या आकड्याला. एक बाजू पन्नास हजारांनी सरकते, दुसरी पंचवीस हजारांनी, आणि मग दोघेही हाताची घडी घालून बसतात. अशा वेळी मध्यस्थाकडे दोन वाटा असतात. एक म्हणजे ब्रॅकेट: "तुम्ही इथवर उतरलात तर आम्ही तिथवर चढू" असं बोलून दोन्ही टोकं एकदम जवळ आणायची. दुसरी म्हणजे मध्यस्थाचा प्रस्ताव: आकडा मध्यस्थाने स्वतः लिहायचा आणि दोघांनी त्यावर फक्त हो किंवा नाही सांगायचं. सोलापुरात मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण आधी ब्रॅकेटला त्याचं श्रेय द्यायला हवं.

एक प्रकरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आकड्यांची चाल मात्र तीच ठेवली आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार आणि त्यांना सूत पुरवणारे व्यापारी. बिलांची मूळ बाकी साडेसतरा लाख, व्याज धरून मागणी 22 लाख. कारखानदारांचं म्हणणं, सुतात गाठी होत्या, माल परत आला, 5 लाखांच्या वर एक रुपया नाही. दावा दाखल करण्याआधीची मध्यस्थी होती, म्हणजे वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ खालची. मुदत तीन महिने, दोघांची संमती असेल तर आणखी दोन. दुसऱ्या बैठकीच्या दुपारी व्यापारी 19 वर होते, कारखानदार 7 वर. मधे 12 लाखांचं अंतर, आणि कुणी हलेना.

तेव्हा मी ब्रॅकेट काढलं. कारखानदारांनी खूप वेळ विचार करून सांगितलं, "ते 14 वर आले तर आम्ही 9 वर येतो." व्यापाऱ्यांनी उलटं ब्रॅकेट दिलं, "ते 12 वर आले तर आम्ही 16 वर येतो." कुणीच कुणाचं मान्य केलं नाही. तरी मला हवं ते मिळालं होतं. पहिल्या ब्रॅकेटचा मधला आकडा साडेअकरा, दुसऱ्याचा 14. उघड बोलीत 12 लाखांचं अंतर होतं, आणि मनातलं अंतर अडीच लाखांच्या आसपास असावं असा वास आला. शिवाय 12 ते 14 हा पट्टा दोन्ही ब्रॅकेटमध्ये येत होता. एवढी माहिती साध्या बोलीतून काढायची तर अजून दोन बैठका गेल्या असत्या. अंतर मोठं असताना ब्रॅकेटला तोड नाही, हे मी आजही म्हणेन.

आता मला छळणारी गोष्ट. ब्रॅकेटचं वाक्य जर-तरचं असतं, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत त्यातला "जर" गळून पडतो.

त्या दिवशी तेच झालं. कारखानदारांचं ब्रॅकेट मी व्यापाऱ्यांच्या खोलीत नेलं. व्यापाऱ्यांना नीट समजलं, त्यांच्या वकिलांनाही समजलं. पण त्यांचे मोठे बंधू उशिरा आले होते. धाकट्याने त्यांना कानात सांगितलं, ते थेट "नऊ" असंच. बंधू मला म्हणाले, "नऊ त्यांनी कबूलच केलेत की ओ. आता नऊच्या वरचं बोला." मी सांगितलं, नऊ कबूल नाहीत, तुम्ही 14 वर आलात तरच नऊ. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा म्हणाले, "म्हणजे नऊ तर आलेच." चहाच्या वेळी व्हरांड्यात ते कारखानदारांच्या मेहुण्यांना भेटले आणि तिथेही हेच बोलले. पाच मिनिटांत कारखानदार माझ्यासमोर. "वकीलसाहेब, मी नऊ दिले कधी? असं असेल तर मी सातवरच बरा." पुढचे दोन तास आकड्यावर बोलणं झालंच नाही. कोण काय म्हणालं याची साक्ष तेवढी चालू होती.

यात त्या बंधूंची लबाडी होती असं मला वाटत नाही. बाजारात वाढलेल्या माणसाच्या कानाला आकडा ऐकू येतो, अट ऐकू येत नाही. सिद्धेश्वर यात्रेतला जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल, दलाल दोघांची बोटं उपरण्याखाली धरतो आणि आकडा तोंडातून निघू देत नाही. एकदा निघाला की तो परत घेता येत नाही, म्हणून. ब्रॅकेटमध्ये आपण लोकांना नेमका तोंडातून आकडा काढायला लावतो आणि वर सांगतो की हा अजून दिलेला नाही.

यावर उपाय आहे आणि मी तो करतो. ब्रॅकेट तोंडी नेत नाही, कागदावर लिहून नेतो: "अट मान्य नसेल तर हे रद्द, शेवटची बोली 7 आणि 19." दोन्ही वकिलांच्या सह्या घेतो. याने अर्धा त्रास वाचतो. उरलेला अर्धा मधल्या आकड्याचा. ब्रॅकेट दिलं की समोरचा लगेच दोन टोकांची बेरीज करून निम्मी करतो आणि "म्हणजे त्यांना साडेअकरा चालतात" असं ठरवून टाकतो. देणाऱ्यालाही हे माहीत असतं, म्हणून तो पुढचं ब्रॅकेट मुद्दाम खाली ओढून देतो. तिसऱ्या ब्रॅकेटपर्यंत खरी इच्छा पुन्हा झाकली जाते. त्यामुळे दोन ब्रॅकेटनंतर मी ते बाजूला ठेवतो. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचे वकील जर-तर नीट पाळतात असं ऐकतो.

या प्रकरणात तिसऱ्या बैठकीला मी विचारलं, मी आकडा देऊ का? दोघांची लेखी संमती घेतली, कारण ही वाट संमतीशिवाय धरू नये. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानुसार मध्यस्थाने तोडगा लादायचा नाही, आणि आपल्याकडे मध्यस्थाने आकडा उच्चारला की लोकांना तो निकालच वाटतो. म्हणून कागदाच्या डोक्यावरच लिहिलं की हा आकडा कोण बरोबर, कोण चूक हे सांगत नाही. कोर्ट किती देईल याचा हा अंदाजही नाही. दोघेही कुरकुरत का होईना हो म्हणतील असं मला वाटतं, तो हा आकडा.

आकडा काढताना मी मधोमध कापत नाही. उघड बोलीचा मध्य 13 येत होता. तो दिला असता तर व्यापाऱ्यांना वाटलं असतं की 22 ऐवजी 30 लाख मागितले असते तर बरं झालं असतं. मी उलटीकडून सुरुवात केली: कारखानदार दरमहा किती देऊ शकतात? ब्रॅकेटच्या वेळी ते सहज बोलून गेले होते की महिन्याला दीड लाख निघतील. सहा हप्ते म्हणजे 9 लाख. सहीच्या दिवशी किती? त्यांच्याकडे एका येणेबाकीचे तीन-साडेतीन लाख यायचे होते. म्हणून 3 लाख 40 हजार सहीला, 9 लाख हप्त्यांत, एकूण 12 लाख 40 हजार. दोन्ही ब्रॅकेट जिथे एकमेकांवर येत होती त्या पट्ट्यातच, थोडा खालच्या बाजूला. व्यापाऱ्यांसाठी त्यात हप्ता चुकला तर काय, याची कडक अट घातली.

प्रस्ताव एका रकमेचा नसतो, हे मी ठेच लागून शिकलो. क्रेडिट नोट कोण कधी देणार, चेक कुणाच्या नावाचे, दोघांनी एकमेकांवर केलेल्या तक्रारी मागे घ्यायच्या का, सगळं त्याच कागदावर हवं. सुताच्या व्यवहारात जीएसटी तर हमखास आडवा येतो. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, आणि तडजोडीत सुटलेल्या रकमेवरचं क्रेडिट कुणी सोसायचं हा प्रश्न उरतोच. रक्कम फार नसते, पण कागदावर नसेल तर "हो, पण" तिथूनच येतं. आणि प्रस्तावात "हो, पण" म्हणजे नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दोघांना एकच मजकूर दिला. सोमवारी पाचपर्यंत प्रत्येकाने फक्त मला कळवायचं, हो किंवा नाही. घासाघीस नाही, तेरा करा नाही. दोघांचं हो आलं तर तडजोड झाली. एकाचंही नाही आलं तर दोघांना एवढंच सांगायचं की जमलं नाही. म्हणजे नाही म्हणणाऱ्याला समोरच्याचं उत्तर कधीच कळत नाही, आणि हो म्हणणाऱ्याचा आकडा पुढच्या बोलीत त्याच्याच विरुद्ध वापरला जात नाही. कारखानदारांचा फोन शनिवारी सकाळी आला. व्यापाऱ्यांचा सोमवारी चारनंतर, आणि तोही मोठ्या बंधूंकडून: "आम्ही काय उतरलो नाही ओ, तुमचा कागद मान्य केला." मला हवं होतं ते हेच. आकडा कुणाच्याच तोंडातून गेला नव्हता.

प्रस्तावाचे तोटे मी लपवणार नाही. पडदा एका बाजूनेच असतो: जो हो म्हणाला त्याला "जमलं नाही" ऐकताच कळतं की समोरच्याने नाकारलं. दुसरं, फसलेला आकडा मरत नाही. एका प्रकरणात माझा प्रस्ताव पडला, आणि काही महिन्यांनी लोकअदालतीच्या दिवशी तोच आकडा "मध्यस्थांनी सांगितला होता" म्हणून परत माझ्या कानावर आला. गुप्तता कायद्यात आहे, चहाच्या टपरीवर नाही. आणि तिसरं, एकदा आकडा दिला की मध्यस्थ म्हणून आपला तटस्थपणा बराचसा खर्च होतो, दुसऱ्यांदा देता येत नाही. म्हणून तो लवकर काढू नये. पहिल्याच बैठकीत "शेवटी साहेब आकडा देतीलच" असा सुगावा लागला तर दोघेही आपापल्या टोकाला चिकटून बसतात.

तेव्हा तुमच्यासमोर आत्ता अडलेलं प्रकरण असेल तर मी हे बघेन. अंतर मूळ मागणीच्या निम्म्याहून जास्त आहे, दोन्ही बाजूंना सराईत वकील आहेत आणि खोलीत माणसं मोजकी आहेत: ब्रॅकेट लावा, लिहून लावा, दोनदाच लावा. पट्टा दिसायला लागला, भाऊ-मेहुणे-भागीदार दारात आहेत आणि प्रत्येकाला घरी जाऊन "मी उतरलो नाही" सांगायचं आहे: प्रस्तावाकडे वळा. सोलापुरात माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं या दुसऱ्या जातीची असतात, म्हणून ब्रॅकेट मी आता जवळजवळ फक्त प्रस्तावासाठी माहिती काढायला वापरतो. पक्षकारांना तसं सांगत नाही, एवढंच.